जमावबंदीच्या आदेशाला कोणत्या कसोटीवर तपासायचं: डेरोगेशन की मर्यादा?

पंचगंगेची पाणीपातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोचली की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. समजा ऐन पुरात प्रशासनाने संपूर्ण जिल्ह्यात पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायला मनाई केली, आणि एका कामगार संघटनेला दसरा चौकातून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढायचा आहे. निवेदन लिहिणाऱ्यापुढे किंवा मूट कोर्टाची तयारी करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो: मानवी हक्कांच्या करारातलं कोणतं कलम लावायचं? उदाहरण काल्पनिक आहे, पण घोळ इथे नेहमीच होतो, कारण दोन वेगळी हत्यारं एकाच म्यानात आहेत असं समजून लिहिलं जातं.

नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात हक्क आवळण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, मर्यादा कलम. ते हक्काच्या पोटातच असतं. कलम २१ शांततापूर्ण सभेचा हक्क देतं आणि लगेच सांगतं की निर्बंध कायद्यानुसार असावा आणि लोकशाही समाजात आवश्यक असावा. तोही राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे हक्क यांपैकी एखाद्या हेतूसाठीच. यासाठी आणीबाणी लागत नाही. एरवीच्या मंगळवारीही हे कलम वापरता येतं. हक्क मात्र जिवंत राहतो आणि प्रत्येक निर्बंधाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे कलम ४, डेरोगेशन. इथे सरकार त्या जबाबदारीतूनच काही काळ बाजूला होतं. त्यासाठी राष्ट्राच्या अस्तित्वालाच धोका हवा आणि आणीबाणी अधिकृतपणे जाहीर झालेली हवी. उपाय परिस्थितीला जेवढा लागेल तेवढाच असावा आणि त्यात केवळ वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म किंवा सामाजिक मूळ यांवरून भेदभाव नसावा. शिवाय कोणत्या तरतुदी आणि का बाजूला ठेवल्या, हे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत बाकीच्या सदस्य देशांना ताबडतोब कळवावं लागतं. जगण्याचा हक्क आणि छळापासून व गुलामगिरीपासून मुक्ती यांसारख्या काही हक्कांना तर आणीबाणीतही हात लावता येत नाही.

विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात. ‘डेरोगेशन होत नाही’ म्हणजे ‘मर्यादा घालता येत नाही’ असं नाही. कलम १८ मधलं धर्मस्वातंत्र्य डेरोगेशनच्या बाहेर आहे, पण धर्माचं प्रकट आचरण, म्हणजे मिरवणूक किंवा सामूहिक प्रार्थना, त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली मर्यादित होऊ शकते. छळाला मात्र दोन्ही दारं बंद.

आता पुराचा आदेश घ्या. या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने २००१ च्या २९ व्या सर्वसाधारण टिप्पणीत नेमका हाच प्रसंग धरला आहे: नैसर्गिक आपत्तीत फिरणं आणि जमणं यांवर निर्बंध घालायचे असतील, तर मर्यादा कलमांतली मुभा साधारणपणे पुरते, डेरोगेशनची गरज पडू नये. त्यामुळे ‘आपत्ती आहे, म्हणून हक्क बाजूला’ हे उत्तर समितीपुढे टिकायचं नाही.

भारतापुरता तर प्रश्न आणखी सोपा आहे. भारत या करारात १० एप्रिल १९७९ ला सामील झाला, म्हणजे १९७५-७७ च्या आणीबाणीनंतर. कलम ४ खाली त्याने कधी सूचना दिलेली नाही. सूचनाच नसेल तर बचावाला उरतं फक्त मर्यादा कलम. म्हणून आपल्या निवेदनात कलम २१ धरावं. कलम ४ वर पानं खर्चू नयेत. करार आपल्या न्यायालयात थेट लागू होत नाही, अर्थ लावण्यापुरता उपयोगी पडतो. तेव्हा मुख्य आधार म्हणजे सभेचा हक्क देणारं संविधानाचं १९(१)(ब) आणि त्यावर निर्बंधांची मुभा देणारं १९(३). गंमत म्हणजे करारात ‘सार्वजनिक आरोग्य’ हे सभेवरच्या निर्बंधाचं कारण आहे, पण १९(३) मध्ये फक्त सार्वभौमत्व-अखंडता आणि सार्वजनिक सुव्यवस्था आहेत. आदेशात ‘साथरोगाचा धोका’ असं कारण असेल, तर ते सुव्यवस्थेशी कसं जोडलं, हे विचारता येतं.

मग डेरोगेशनचा अभ्यास कशाला करायचा? कारण त्यात सरकार कुठे हरतं ते कळलं की मर्यादेचा युक्तिवादही धारदार होतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर ब्रिटनने युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ५ मधून, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातून, डेरोगेशन केलं. कायदा असा होता की दहशतवादाचा संशय असलेल्या, पण मायदेशी छळाचा धोका असल्याने परत पाठवता न येणाऱ्या परदेशी नागरिकांना खटल्याविना बेमुदत डांबायचं. बेलमार्श तुरुंगातल्या कैद्यांचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठात, नऊ न्यायाधीशांपुढे गेलं आणि १६ डिसेंबर २००४ ला आठ विरुद्ध एक असा निकाल लागला.

सरकार ‘आणीबाणी आहे की नाही’ या मुद्द्यावर हरलं नाही. तो राजकीय अंदाज म्हणून बहुतेक न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. फक्त लॉर्ड हॉफमन यांनी राष्ट्राच्या अस्तित्वाला धोकाच नाही असं म्हटलं. गाडी अडली ती पुढे. तसाच संशय असलेले ब्रिटिश नागरिक मोकळे होते, परदेशी मात्र आत. उलट परदेशी कैदी देश सोडून जायला तयार झाला, तर त्याला जाऊ देत. इतका धोकादायक माणूस दुसऱ्या देशात मोकळा चालतो, आणि तसाच धोका असलेला स्थानिक घरी राहतो, तर उपाय धोक्यावर बसवलेला नव्हताच. म्हणून तो प्रमाणाबाहेरचा आणि भेदभावाचा ठरला. डेरोगेशनचा आदेश रद्द झाला. कैदी त्या दिवशी सुटले नाहीत, कारण तिथलं न्यायालय संसदेचा कायदा रद्द करत नाही, विसंगत ठरवतं. २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही हाच सूर धरला.

हीच फूटपट्टी आपल्या आदेशाला लावा. पाणी शिरोळ, करवीरच्या नदीकाठात. आदेश चंदगडच्या डोंगरापर्यंत का? आठवडी बाजार चालू आणि मोर्चा बंद, असं असेल तर गर्दीचा धोका नेमका कुठला? मोर्चाचा मार्ग बदलणं, वेळ कमी करणं, हे सौम्य उपाय आधी तपासले का? सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात (१० जानेवारी २०२०) सांगितलं आहे की असे आदेश ठोस तथ्यं नोंदवून द्यावेत, प्रमाणात असावेत आणि एकामागून एक पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. मुदतही बघा: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीविना १५ दिवसांपलीकडे जात नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली दोन महिने.

शेवटची खबरदारी जिनिव्हाच्या प्रकरणातून. कोविडच्या काळात स्वित्झर्लंडने डेरोगेशन केलं नव्हतं. सार्वजनिक सभांवर सरसकट बंदी होती. तिथल्या कामगार संघटनेच्या तक्रारीवर मार्च २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या छोट्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी हक्कभंग मान्य केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या पीठाने तीच तक्रार दाखलयोग्य नाही म्हणून फेटाळली. संघटनेने परवानगीचा अर्ज औपचारिक नकार हाती येण्याआधीच मागे घेतला होता आणि स्थानिक उपाय वापरलेच नव्हते. तेव्हा फोनवर ‘मिळणार नाही हो परवानगी’ असं ऐकून गप्प बसू नका. अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा, आणि आदेश कलम १६३ खालचा असेल तर तो बदलून किंवा रद्द करून मिळावा म्हणून त्याच कलमाच्या पोटकलम ५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मग उच्च न्यायालय.