विलीनीकरण तपासताना सीआर-४ की एचएचआय? व्होडाफोन-आयडियाच्या आकड्यांवरून

बाजारात स्पर्धा किती उरली आहे, हे सांगणारी दोन मापं आपल्याकडे सर्रास वापरली जातात. पहिलं केंद्रीकरण गुणोत्तर, म्हणजे वरच्या चार कंपन्यांच्या हिश्श्यांची बेरीज, सीआर-४. दुसरं हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक, म्हणजे सगळ्यांच्या हिश्श्यांच्या वर्गांची बेरीज, एचएचआय. व्याख्या तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. प्रबंध लिहिणाऱ्यांना किंवा एखाद्या कार्यालयासाठी टिपण करणाऱ्यांना अडतं ते पुढे: दोन कंपन्या एकत्र येताहेत, तर तक्त्यात कोणता आकडा घालायचा?

मी बराच काळ सीआर-४ घालत असे. तो चटकन निघतो आणि वाचणाऱ्यालाही चटकन कळतो. ‘पहिल्या चौघांकडे ६७ टक्के बाजार’ असं म्हटलं की समोरच्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. ‘एचएचआय १,४४९’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: एक हजार चारशे एकोणपन्नास काय? याला एकक नाही. एकाच कंपनीकडे सगळा बाजार असेल तर दहा हजार, आणि असंख्य चिल्लर कंपन्या असतील तर शून्याच्या जवळ, एवढंच सांगता येतं. या बाबतीत सीआर-४ चं पारडं जड आहे, ते मी आजही मान्य करतो.

पण एक बारीकशी गोष्ट मला खुपत राहिली आणि शेवटी तिनेच निवड ठरवली. ती नीट दिसावी म्हणून मार्च २०१७ चा मोबाइल बाजार घेऊ. व्होडाफोन आणि आयडियाचं एकत्र यायचं त्याच महिन्यात जाहीर झालं. दूरसंचार नियामक ट्रायच्या ग्राहकसंख्येवरून हिस्से ढोबळ पूर्णांकात असे होते: एअरटेल २३, व्होडाफोन १८, आयडिया १७, जिओ ९, बीएसएनएल ९, एअरसेल ८, रिलायन्स कम्युनिकेशन्स ७, टेलिनॉर ४, टाटा ४. उरलेला एखादा टक्का किरकोळांचा. जिओ आणि बीएसएनएलमध्ये जिओ किंचित पुढे.

सीआर-४ झाला २३ + १८ + १७ + ९ = ६७. आता व्होडाफोन-आयडिया एक करा. नवे पहिले चार म्हणजे ३५, २३, ९, ९ आणि बेरीज ७६. वाढ नऊची.

हा तक्ता मी कार्यालयातल्या एका ज्येष्ठ वकील बाईंसमोर ठेवला होता. त्यांनी पेन्सिलीचं टोक नवावर टेकवलं आणि विचारलं, “हे नऊ कुणाचे?” उत्तर होतं, बीएसएनएलचे. दोन खासगी कंपन्या एक झाल्या, चौघांत एक जागा रिकामी झाली आणि पाचवा नंबर वर सरकला. वाढ मोजली गेली ती त्याच्या हिश्श्याएवढी. ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही, त्याच्या हिश्श्यावरून आपण व्यवहाराचा परिणाम सांगत होतो. बाई फारसं बोलल्या नाहीत. “मग हा आकडा इथे कशाला?” एवढंच म्हणाल्या.

याच आकड्यांवर थोडं खेळून पाहा. एअरटेल आणि व्होडाफोन एकत्र आले असते तर पहिले चार ४१, १७, ९, ९ असे होऊन बेरीज पुन्हा ७६ आली असती. आयडिया आणि जिओ एकत्र आले असते तर २६, २३, १८, ९, म्हणजे परत ७६. वरच्या चौघांतले कोणतेही दोघे निवडा, वाढ नऊच. पहिला आणि दुसरा एकत्र येणं आणि तिसरा आणि चौथा एकत्र येणं यात या मापाला काहीच फरक दिसत नाही. आपल्याला जो फरक मोजायचा आहे, नेमका तोच गळून पडतो.

आता एचएचआय. वर्गांची बेरीज ५२९ + ३२४ + २८९ + ८१ + ८१ + ६४ + ४९ + १६ + १६, म्हणजे १,४४९. विलीनीकरणानंतर किती, हे काढायला सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागत नाही. दोन हिस्से अ आणि ब असतील, तर आधी अ² + ब² होते आणि नंतर (अ + ब)² होतात. फरक उरतो तो फक्त २ × अ × ब. इथे २ × १८ × १७ = ६१२, म्हणून नवा एचएचआय २,०६१. एअरटेल-व्होडाफोन असते तर वाढ ८२८ आणि आयडिया-जिओ असते तर ३०६. तिन्ही जोड्यांना सीआर-४ ‘नऊ’ म्हणत होता, ते आठवा.

त्याच सुमारास रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल यांचंही विलीनीकरण ठरलं होतं, ते ऑक्टोबर २०१७ मध्ये बारगळलं. सातवा आणि सहावा नंबर. ते झालं असतं तर १५ टक्क्यांची नवी कंपनी जिओला मागे टाकून चौथी झाली असती आणि सीआर-४ ६७ वरून ७३ वर गेला असता, म्हणजे सहाने. एचएचआयची वाढ मात्र २ × ८ × ७ = ११२. सीआर-४ च्या हिशेबाने हे विलीनीकरण व्होडाफोन-आयडियाच्या दोन तृतीयांश वजनाचं ठरतं, एचएचआयच्या हिशेबाने जेमतेम पाचव्या हिश्श्याचं. कोणता हिशेब पटतो ते तुम्ही ठरवा. मला दुसरा पटतो.

एचएचआयवरचा नेहमीचा आक्षेप असा की त्याला सगळ्या कंपन्यांचे हिस्से लागतात आणि ते मिळत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण माझ्या अनुभवात तो वाटतो तेवढा जाचक नाही. वाढ काढायला दोनच हिस्से लागतात, ते वर पाहिलंच. मूळ पातळीसाठीही वरचे चार पुरे होतात. या चौघांचे वर्ग मिळून १,२२३. उरलेले ३३ टक्के कसे वाटले आहेत हे माहीत नाही असं धरा, पण त्यांतला कुणीही नवापेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणजे जास्तीत जास्त ९, ९, ९ आणि ६, वर्गांची बेरीज २७९. खरा एचएचआय १,२२३ आणि १,५०२ यांच्यामध्ये कुठेतरी असणार. बहुतेक टिपणांना एवढी पट्टी पुरते. एक टक्क्याच्या कंपनीचा वर्ग एकच असतो, तिच्यामागे लागून संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही. मोठ्यांचे दशांश मात्र सोडू नका. वर मी पूर्णांक घेतले म्हणून वाढ ६१२ आली, दशांश धरले तर ती सहाशेच्या आसपास येते.

पुढचा प्रश्न, हे आकडे कशाशी ताडून पाहायचे. अमेरिकेच्या १९६८ च्या विलीनीकरण मार्गदर्शिकेत चार कंपन्यांचा हिस्सा ७५ टक्के झाला की बाजार अति-केंद्रित मानत, पण विलीनीकरणाला हरकत घ्यायची की नाही हे तेव्हाही दोन्ही पक्षांचे हिस्से पाहूनच ठरवत, एकट्या गुणोत्तरावर नाही. १९८२ मध्ये त्यांनी एचएचआय स्वीकारला. २०२३ च्या मार्गदर्शिकेत विलीनीकरणानंतर १,८०० च्या वर आणि वाढ १०० च्या वर असेल तर स्पर्धेला बाधा आहे असं गृहीत धरून चौकशी सुरू होते. युरोपात पातळी २,००० च्या वर गेली तरी वाढ १५० च्या आत असेल तर सहसा डोकं खाजवत नाहीत. आपल्या स्पर्धा कायद्यात असा आकडा नाही. कलम २०(४) मध्ये ‘बाजारातील एकत्रीकरणाची पातळी’ हा अनेक मुद्द्यांपैकी एक मुद्दा आहे. म्हणून भारतीय टिपणात ‘१,८०० ओलांडले, सबब बेकायदा’ असं लिहिलेलं दिसलं की लिहिणाऱ्याने परकी पट्टी जशीच्या तशी उचलली आहे हे ओळखावं. व्होडाफोन-आयडियाला स्पर्धा आयोगाने जुलै २०१७ मध्ये मंजुरी दिली होती, २,०६१ असूनही.

अर्थात २,०६१ हा देशाचा आकडा, आणि देश हा इथला बाजार नव्हेच. पुण्यातल्या ग्राहकाला पाटण्यातलं नेटवर्क स्वस्त असून काय उपयोग? परवाने सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकेका विभागासाठी वेगळे आहेत, आयोगही सर्कल हाच बाजार धरतो. आपल्याकडे मुंबईचं सर्कल वेगळं, आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. दूरसंचार खात्याच्या नियमांत एका सर्कलमध्ये ५० टक्क्यांची मर्यादा होती, आणि देशात ३५ टक्के दिसणारी ही जोडी महाराष्ट्रासह काही सर्कलमध्ये महसुलाच्या हिश्श्याने ती ओलांडत होती. एखाद्या सर्कलमध्ये हिस्से समजा ३० आणि २५ असतील, तर एकट्या त्या सर्कलची वाढ १,५०० होते. देशाच्या सरासरीत ती विरघळून जाते. ग्राहकसंख्या धरली की महसूल, यानेही निकाल बदलतो, कारण दोन सिम बाळगणारा माणूस दोनदा मोजला जातो. मी दोन्ही तक्ते देतो.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे दोन्ही मापं सारखीच तोकडी पडतात. वरच्या तक्त्यात जिओचा वाटा एचएचआयमध्ये ८१, व्होडाफोनचा ३२४. बाजार ढवळून काढणारी कंपनी कोणती होती, हे तेव्हा रिचार्ज करणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. विलीनीकरण ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्ण झालं, आणि कागदावरचे ३५ टक्के २०२४ च्या अखेरीस १८ च्या आसपास आले होते. तेव्हा जिओ सुमारे ४०, एअरटेल ३३, बीएसएनएल ८. एचएचआय तीन हजारांच्या पुढे. सीआर-४ जवळपास शंभर, आणि इथून पुढे या चौघांत कुणीही कुणाशी विलीन झालं तरी तो जवळपास शंभरच राहणार. म्हणून विलीनीकरणाच्या तारखेच्या आधीचे वर्षभराचे मासिक हिस्से एकाखाली एक मांडून पाहा. ट्राय ते दरमहा देते. एखादी ओळ सतत चढताना दिसली तर त्या कंपनीच्या चालू हिश्श्याचा वर्ग तिची ताकद कमी दाखवतो आहे, हे टिपणात शब्दांत लिहावं लागतं.

सीआर-४ मी पूर्ण सोडलेला नाही. टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात तो येतो, वाचणाऱ्याला बाजाराचा अंदाज यावा म्हणून. तुम्हाला फक्त एखाद्या उद्योगाचं वर्णन करायचं असेल, जुन्या पाहण्यांत चौघांच्या हिश्श्यापलीकडे काही मिळत नसेल, तर तो घ्यायला माझी हरकत नाही. विलीनीकरणाच्या तक्त्यात मात्र माझ्याकडे आता तीनच रकाने असतात: आधीचा एचएचआय, वाढ आणि नंतरचा एचएचआय, प्रत्येक सर्कलसाठी एक ओळ, वाढीच्या उतरत्या क्रमाने.