लांब मेल: आधी हकीकत की आधी दोन ओळी?

भोसरीच्या एका कारखान्यातून संचालकांना मेल जायची आहे. कॉम्प्रेसर बदलायचा आहे आणि पैशांना मंजुरी हवी आहे.

पहिली पद्धत आपल्या सवयीची. मार्चपासूनचे बिघाड, दुरुस्तीचा खर्च, तीन कोटेशन आणि अगदी शेवटी "तरी योग्य तो निर्णय कळवावा". संचालक दोन मीटिंगच्या मध्ये फोनवर मेल उघडतात. पहिल्या पडद्यावर नुसता बिघाडांचा इतिहास दिसतो. "नंतर बघू" म्हणून मेल मागे पडते.

दुसऱ्या पद्धतीत तीच मेल, फक्त वर दोन ओळी:

"कॉम्प्रेसरसाठी ४ लाख ८० हजारांची मंजुरी हवी, शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत हो किंवा नाही कळवावे.
शिफारस दुसऱ्या पुरवठादाराची: ३० हजार महाग, पण १० दिवस आधी देतो, शुक्रवारनंतर हा दर राहणार नाही."

मला दुसरीच पद्धत पटते, पण त्या ओळींत विषय नव्हे, मागणी हवी. "कॉम्प्रेसरबाबत सविस्तर माहिती खाली दिली आहे" लिहिलंत तर काहीच साधत नाही. खालचा मजकूर झाकून बघा: नुसतं "हो" लिहून उत्तर देता येतं का? रक्कम, मुदत किंवा शिफारस शोधायला खाली जावं लागलं, तर ओळी फसल्या. आणि महाग पर्याय सुचवताय हे वरच सांगा. ते खाली दडवलं तर पुढच्या वेळी तुमच्या दोन ओळींवर कुणी विसंबणार नाही.

कुणाविरुद्धची तक्रार असेल तेव्हा मात्र पहिलीच पद्धत बरी. तिथे पूर्ण हकीकत वाचल्याशिवाय निर्णय होऊच नये.