बिनबीटरचा स्पंज: अंडं अख्खं फेटावं की पांढरं वेगळं काढावं?

घरातला बीटर बिघडला आणि मी वर्षभर नुसत्या तारेच्या विस्कवर स्पंज केले. प्रमाण दर वेळी तेच: तीन अंडी, ९० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम मैदा, सात इंची टिन. बेकिंग पावडर नाही, फुगायचं ते अंड्यातल्या हवेवरच. प्रश्न एवढाच, की ती हवा भरायची कशी.

पहिली रीत अख्ख्या अंड्यांची. अंडी आणि साखर एकत्र करून पातेलं गरम पाण्याच्या वाफेवर धरायचं, मिश्रण बोटाला कोमट लागलं की उतरवायचं आणि फेटत राहायचं. विस्क उचलल्यावर पडणाऱ्या धारेची रेघ वर दोन-तीन क्षण टिकली, की मैदा चाळून घालायचा. जमला तर हा स्पंज फार मऊ आणि एकजीव होतो, हे मान्य. पण बलकातली चरबी फेस लवकर धरू देत नाही. माझ्या हाताने वीस मिनिटं तरी लागतात. त्यात खरा वैताग असा, की बाराव्या-तेराव्या मिनिटाला मिश्रण पांढुरकं आणि दाटसर दिसतं, खांदा भरून आलेला असतो आणि ‘झालंच की’ असं वाटतं. मी दोनदा तिथेच थांबलो. दोन्ही वेळा मैदा खाली बसला आणि केकच्या तळाशी रबरासारखा थर आला.

पांढरं वेगळं काढलं तर ते सहा-सात मिनिटांत चढतं. अर्धी साखर त्यात, थोडी थोडी करून, उरलेली बलकात. शेंडा उभा राहिला, पातेलं उलटं धरूनही फेस हलला नाही, की झालं. इथे डोळा फसत नाही, म्हणून माझा कल इकडे. आधी बलक फेटून घ्यावेत, कारण पांढऱ्याचा फेस वाट पाहत नाही. मग मैदा आणि फेस आलटून पालटून, हलक्या हाताने खालून वर. बलकाचा थेंब पांढऱ्यात पडला तर मात्र फेस नीट चढत नाही. म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडतो. स्पंज किंचित कोरडा होतो, त्याला साखरेचं पाणी पुरतं.

वरच्या क्रीमचं म्हणाल, तर २५ टक्के फॅटचं पाकिटातलं क्रीम हाताने काय, बीटरनेही उभं राहत नाही. ३५ टक्क्यांच्या आसपासचं हवं, आणि पातेलं बर्फात. दुकानातलं नॉन-डेअरी टॉपिंग उन्हाळ्यात जास्त तग धरतं, पण जिभेवर तुपकट राहतं. मला दुधाचंच आवडतं. आणि इथे हात बीटरपेक्षा बरा वाटतो. क्रीम रवाळ दिसायला लागण्याआधी विस्क जड झाल्याचं मनगटाला कळतं. तिथेच थांबावं, पुढे लोणी.