आईच्या शिलाईकामासाठी व्हॉट्सॲप बिझनेस: श्रावण ते लग्नसराई वापरल्यानंतरचा अनुभव

माझी आई कराडला घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. माझ्या लहानपणापासून तिचं गिऱ्हाईक दारात येतं, मापाचा ब्लाउज आणि कापड ठेवतं आणि तारीख विचारून जातं. अलीकडे मात्र निम्म्या चौकश्या फोनवर लिहून येऊ लागल्या आणि त्यांना उत्तरं जाईनात. म्हणून श्रावणात तिच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं आणि तिला शिकवायला बसले. गौरी-गणपती, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची सराई एवढा काळ ते वापरून झाल्यावर हे लिहिते आहे. घरून शिवणाऱ्या बायकांच्या मुलामुलींना उपयोग होईल असं वाटतं.

आधी नंबराचं. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. नवीन सिम घेण्याचा विचार होता, पण आईचा नंबर बायकांच्या फोनमध्ये ‘ब्लाउजवाल्या काकू’ म्हणून वर्षानुवर्षं साठवलेला आहे. तो सोडण्यात अर्थ नव्हता. म्हणून जुनाच नंबर बिझनेसवर नेला. जुने संवाद बरोबर आले आणि नातेवाईकांचे ग्रुपही आले. अ‍ॅप फुकट आहे.

मला वाटत होतं की आईला टाइप करणं जड जातंय. तसं नव्हतं. मराठी कीबोर्डवर माइक दाबून बोललं की अक्षरं उमटतात, हे तिला एका संध्याकाळी जमलं. तरीही ती मेसेज उघडायची, वाचायची आणि फोन खाली ठेवायची. समोरच्या बाईला निळ्या खुणा दिसायच्या, म्हणजे वाचलंय पण उत्तर नाही. विचारल्यावर ती म्हणाली, “अगं, बोलण्यात माणूस सांभाळून घेतो. लिहिलं की ते लिहिलंच. शुक्रवारी देते म्हणून लिहायचं आणि लाइट गेली तर?” तिच्या दृष्टीने प्रत्येक उत्तर म्हणजे शब्द दिल्यासारखं होतं, आणि कापड हातात आल्याशिवाय ती शब्द देत नाही.

हे कळल्यावर शिकवण्याची दिशाच बदलली. पहिलं उत्तर म्हणजे होकार नव्हे, ते फक्त विचारणं असतं, एवढंच आधी ठरवलं. दारात आलेल्या बाईला ती जे प्रश्न विचारते तेच लिहून पाठवायचे. मी वही घेतली आणि दोन दिवस ती गिऱ्हाइकाशी काय बोलते ते तिच्याच शब्दांत उतरवलं. त्यातून अ‍ॅपमधली झटपट उत्तरं, म्हणजे क्विक रिप्लाय, तयार झाली. मेसेजच्या चौकटीत तिरकी रेघ `/` दाबली की साठवलेल्या उत्तरांची यादी वर येते, त्यातलं एक निवडायचं, हवं तिथे बदलायचं आणि पाठवायचं. अशी पन्नास उत्तरं साठवता येतात. आईला पाच पुरतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हे:

“नमस्कार ताई. ब्लाउज कोणत्या दिवशी घालायचा आहे? अस्तर लावायचं का? कापड कोणतं आहे? नीट बसणारा जुना ब्लाउज मापाला देता येईल का?”

पहिला प्रश्न नीट पाहा. ‘कधी हवाय’ असं आई विचारत नाही, ‘घालायचा कधी’ असं विचारते. कधी हवाय म्हटलं की सगळ्यांना परवाच हवा असतो. घालायचा दिवस कळला की ती त्याच्या दोन दिवस आधीची तारीख धरते, म्हणजे घालून पाहून कुठे घट्ट झालं तर शिलाईतलं दाबलेलं कापड सोडायला वेळ राहतो. अस्तराचा प्रश्नही तारखेसाठीच असतो, कारण सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. पावसाळ्यात त्यालाच एक दिवस जातो. हे सगळं आईच्या डोक्यात होतं, ते चार प्रश्नांत बसलं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. दिवाळीनंतर पुण्याहून एका ताईंनी मागच्या गळ्याचा फोटो पाठवला. सोबत एवढंच, “असा शिवाल का, किती घ्याल?” आधी आईने असा फोटो बाजूलाच ठेवला असता. आता तिने प्रश्न पाठवले. उत्तर आलं: भावाच्या लग्नात घालायचा, सिल्क, अस्तर हवं, मापाचा ब्लाउज कुरियरने पाठवते. मग तिने फोटो मोठा करून पाहिला. फोटोवरून गळ्याचे इंच कळत नाहीत, पण प्रमाण कळतं. गळा पाठीच्या जवळजवळ पाऊण भागापर्यंत उतरलेला होता. मापाचा ब्लाउज आल्यावर उंची भरली चौदा इंच. चौदाचा पाऊण भाग म्हणजे साडेदहा, खाली पाठीला उरणार साडेतीन इंचाची पट्टी. शिवाय गळा रुंदही होता. खोल आणि रुंद असा दोन्ही गळा असला की खांदा धरून ठेवायला मागे काही राहत नाही आणि तो दंडावर घसरतो. फोटोतल्या पुतळ्याचा घसरत नाही, कारण पुतळा हात वर करत नाही.

आईने लिहिलं: “ताई, फोटोसारखा घेतला तर तुमच्या मापाला गळा साडेदहा इंच खोल जाईल. खांदा उतरेल. साडेआठ घेऊ आणि वर नाडी लावू, म्हणजे दिसायला तसाच राहील. आत पॅड लावायचे का तेही सांगा.” ताईंनी नऊ सांगितले, नाडीला होकार दिला. आईने शेवटी एक मेसेज पाठवला, तो आता प्रत्येक कामाला जातो: काय ठरलं, शिलाई किती, तारीख कोणती, “बरोबर असेल तर ‘हो’ लिहा.” तो ‘हो’ आल्याशिवाय कात्री लागत नाही. नंतर गळ्यावरून बोलणं झालंच, तर दोघींच्या समोर लिहिलेलं असतं. लिहिलं की ते लिहिलंच, ही जी तिची धास्ती होती, तीच आता तिच्या बाजूने उभी राहते.

मापांबद्दल आईने स्वतः दोन नियम केले, ते मला फार मोलाचे वाटतात. पहिला, माप अक्षरांत लिहायचं. ‘सव्वा चौदा’, ‘पावणेसात’. आकड्यात कोणी 14.2 लिहिलं तर ते चौदा इंच दोन सूत की दशांश, हे कळत नाही. इंचाचे आठ सूत धरले तर दोन सूत म्हणजे पाव इंच, आणि मुंढ्यात पाव इंचाने हात उचलताना काचतं. दुसरा नियम, छातीचं माप मेसेजवर मागायचं नाही. बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. त्याऐवजी ती जुना ब्लाउज मागवते. तो पाठवणं शक्य नसेल तर हुक लावून सपाट पसरायला सांगते, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप ठेवून बरोबर वरून फोटो काढायचा. टेपवर साडेसतरा दिसले तर दुप्पट करून पस्तीस. फोटो तिरका असला तर आकडा फसवा दिसतो, तेव्हा ती परत मागते. तरी अशा फोटोवरच्या मापाला ती शिलाईत कापड जास्त दाबते आणि कटोरीचा ब्लाउज घेतच नाही, कारण कटोरीची बसण सपाट फोटोत दिसत नाही.

बोलून पाठवायच्या मेसेजवर आमचा थोडा वाद झाला. आईला ते आवडतात, हात कापडात असताना सोयीचे पडतात. पण तारीख आणि पैसे आवाजात सांगितले की नंतर शोधून सापडत नाहीत. आता डिझाइनची चर्चा आवाजात होते, ठरलेलं मात्र अक्षरांत जातं.

अ‍ॅपमध्ये प्रत्येक संवादाला लावता येणाऱ्या लेबलांचा उपयोग मला वाटलं त्यापेक्षा खूप जास्त झाला. आधीपासून दिलेली नावं दुकानदारी थाटाची आहेत, ती बदलून आईच्या बोलण्यातली ठेवली: कापड आलं, कापून झालं, हुक-काज बाकी, न्यायला या, पैसे बाकी. लेबल फक्त आपल्याला दिसतं, गिऱ्हाइकाला नाही. रात्री मशीन झाकल्यावर ती ‘हुक-काज बाकी’ उघडते आणि सकाळचं काम ठरवते. वही मात्र सोडलेली नाही. मापं वहीतच असतात, आणि तसंच राहावं असं माझंही मत आहे. फोन बिघडतो, हरवतो, वही तीस वर्षं टिकली आहे.

आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या मेसेजबद्दल मात्र सावध करते. नवीन माणसाने लिहिलं की तो जातो, आणि चौदा दिवस बोलणं झालेलं नसेल तर जुन्या माणसालाही पुन्हा जातो. किराणा दुकानाला हे चालेल. शिलाईकडे माणूस सणासुदीला, चार-सहा महिन्यांनी येतं. ज्या बाईच्या लग्नातले ब्लाउज आईने शिवले तिला “आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद” गेलं तर परक्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये तो फक्त फोनमध्ये नाव नसलेल्यांना जाईल असं करता येतं, तेवढं नक्की करा. कामाच्या वेळेबाहेर जाणारा मेसेज आम्ही रात्रीपुरता ठेवला आहे. फोनला इंटरनेट चालू असेल तरच तो जातो.

ब्रॉडकास्ट यादी करून एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवता येतो, पण तो ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच पोहोचतो. आईला हे उलट बरंच पडलं. ‘गौरीच्या कामांचे ब्लाउज आता घेणं बंद’ हे ओळखीच्यांनाच कळलं पाहिजे होतं.

पैशाचं थोडक्यात. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आई बँकेच्या खात्यात जमा दिसल्यावरच लेबल काढते. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिला पहिल्या दिवशीच पाठ करून घेतलं.

माझ्या लॅपटॉपवरही हे खातं जोडलेलं आहे, अ‍ॅप त्याला परवानगी देतं. कोल्हापुरात बसून मीच सगळी उत्तरं देऊ शकले असते. सुरुवातीला ते सोपंही वाटलं असतं. पण मशीनवर आत्ता काय चढलंय, अस्तर वाळलंय का, कुठली बाई तारखेला पंधरा दिवस उशिरा येते, हे मला माहीत नसतं. तारीख जो शिवणार त्यानेच द्यावी. मी फक्त शनिवारी लेबलं चाळते आणि काही राहिलं असेल तर आईला फोन करते.

कॅटलॉगमध्ये पाचशे वस्तू ठेवता येतात. आम्ही थोडेच फोटो ठेवले आहेत: प्रिन्सेस कट, पायपिंगचा गळा, फुग्याची बाही, फॉल-पिको. किंमत लिहिण्याची सक्ती नाही. मी आधी दर घालून पाहिले, आईने ते काढायला लावले. तेच डिझाइन सुती कापडावर एका दुपारचं काम असतं आणि निसटत्या जॉर्जेटवर दोन दिवसांचं. दर ती घालायचा दिवस, कापड आणि अस्तर कळल्यावरच लिहिते.