क्रेडिट की अमर्याद? वर्गणी बंद करायच्या दिवशी काय उरतं

ऑडिओबुकची वर्गणी घेताना आपण पुस्तकांची संख्या बघतो, निवेदक ऐकून बघतो. ती बंद करताना हातात काय राहील, हे फारसं कुणी बघत नाही. मी दोन्ही प्रकार वापरून सोडले आहेत, म्हणून तुलना त्याच बाजूने करतो.

पहिला प्रकार अमर्याद ऐकण्या-वाचण्याचा. स्टोरीटेल, किंडल अनलिमिटेड ही त्यातली ओळखीची नावं. दुसरा क्रेडिटचा, म्हणजे दरमहा एक क्रेडिट आणि त्यात एक पुस्तक. ऑडिबलची मुख्य योजना आणि लिब्रो.एफएम या प्रकारातल्या.

अमर्याद प्रकारात शिल्लक म्हणून काही साठतच नाही, त्यामुळे ते वाया जाण्याची धास्तीही नाही. पण मला तिथे एक गोष्ट खटकली आणि अजूनही खटकते: 'डाउनलोड' असं लिहिलेलं बटण. ते दाबलं की फाइल फोनमध्ये येते, जागाही अडवते, पण ती कुलूपबंद असते आणि किल्ली ॲपकडे असते. ॲप अधूनमधून सर्व्हरला विचारतं, वर्गणी चालू आहे ना? उत्तर ‘नाही’ असं आलं की कुलूप पक्कं. माझी एक लांबलचक कादंबरी अशीच शेवटाला आली असताना अडली. फाइल फोनमध्ये, मुखपृष्ठ दिसतंय, आणि प्ले दाबलं की पुन्हा वर्गणी भरण्याचं निमंत्रण. आता हा नियम अटींमध्ये लिहिलेला असतो, फसवणूक म्हणता येणार नाही. पण शेवट ऐकण्यासाठी अख्ख्या महिन्याचे पैसे भरताना मन खट्टू झालं ते झालंच. किंडल अनलिमिटेडमध्येही एका वेळी २० पुस्तकं उसनी ठेवता येतात आणि वर्गणी संपली की ती परत जातात. तुमच्या खुणा आणि टिपणं मात्र खात्यात राहतात. तेच पुस्तक पुन्हा घेतलंत तर त्या परत दिसतात, एवढा दिलासा.

क्रेडिटच्या प्रकारात उलटं आहे. क्रेडिट देऊन घेतलेलं पुस्तक वर्गणी थांबल्यावरही तुमच्या लायब्ररीत राहतं. फोन बदलला तरी पुन्हा उतरवून घेता येतं. बुडतं ते न वापरलेलं क्रेडिट. ऑडिबलवर क्रेडिट साधारण वर्षभर टिकतं, पण सदस्यत्व रद्द केलं की उरलेली जातात. लिब्रो.एफएमवर ती रद्द केल्यानंतरही राहतात, शिवाय पुस्तकं साध्या एमपी३ फाइलमध्ये मिळतात, म्हणजे कुलपाचा प्रश्नच नाही. पुस्तकांची निवड तिथे तुमच्या आवडीची असेल तर माझ्या मते वाद तिथेच मिटतो.

समजा, तीन क्रेडिट शिल्लक आहेत, पुढचे पैसे १८ तारखेला कापले जाणार आणि आज १२ आहे. आधी तिन्ही क्रेडिट संपवायची, रद्द करण्याच्या पानाकडे नंतर वळायचं. स्वस्तातली पुस्तकं रोखीने कधीही घेता येतात, म्हणून क्रेडिट सगळ्यात महागड्या, लांब पुस्तकांवर घालावीत. मग लायब्ररी उघडून नीट बघायचं, कारण इथे एक गोची आहे. ऑडिबलवर सदस्यत्वासोबत फुकट ऐकायला मिळणारी पुस्तकंही त्याच फळीवर, विकत घेतलेल्यांच्या शेजारी बसलेली असतात. सदस्यत्व संपलं की ती बंद होतात. कोणतं खरोखर आपलं, हे खरेदीच्या इतिहासात बघून ठरवावं. अर्धवट ऐकलेलं एखादं त्या फुकटच्या यादीतलं निघालं, तर तिसरं क्रेडिट त्यावर घालणं वाईट नाही.

त्यानंतर रद्द करायचं. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हे बहुतेकांना माहीत असेल. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून वर्गणी घेतली असेल तर तिथल्याच सबस्क्रिप्शनच्या यादीतून, नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी ती बंद करावी लागते. म्हणजे १७ च्या रात्रीवर विसंबू नका. आणि सदस्यत्व रद्द करणं वेगळं, खातं बंद करणं वेगळं. खातं बंद केलंत तर क्रेडिटवर घेतलेली, कुलूपबंद पुस्तकंही त्याबरोबर गेली.

रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याला, किंवा एकदा ऐकलेल्याकडे पुन्हा न फिरकणाऱ्याला अमर्याद प्रकार कदाचित स्वस्त पडेल. मी पुस्तकं रेंगाळत ऐकतो, आवडलेली पुन्हा ऐकतो, म्हणून माझा कल क्रेडिटकडे. अमर्याद वर्गणी अजूनही अधूनमधून एखाद्या महिन्यापुरती घेतो, पण पैसे भरले की त्याच दिवशी रद्द करून टाकतो. महिना भरेपर्यंत ऐकता येतंच. क्रेडिटच्या वर्गणीत मात्र हे करू नये, निदान हातातलं क्रेडिट पुस्तकात बदलेपर्यंत तरी.