जीटीएक्समधला इलास्टिक बफर: पावसाळ्यापासून चालवतोय, आता थंडीत लिहितोय

आमच्याकडे झायलिंक्स एफपीजीएचे दोन बोर्ड आहेत, त्यातला जीटीएक्स हा हायस्पीड सिरियल ट्रान्सीव्हर वापरतो, मधे फायबर, २.५ गिगाबिटची ८बी/१०बी लिंक, म्हणजे ८ बिटांचा बाइट लिंकवर १० बिटांचा सिम्बॉल होऊन जातो, आणि दोन्हीकडे आपापला ऑसिलेटर. प्रत्येकावर ±५० पीपीएम लिहिलंय, म्हणजे अगदी वाईट जोडी जमली तरी फरक १०० पीपीएम. ऐकायला काहीच नाही, पण लिंकवर सेकंदाला २५ कोटी सिम्बॉल येतात, त्यामुळे १०० पीपीएम म्हणजे दर १०,००० सिम्बॉलमागे एक सिम्बॉल जास्त किंवा कमी. हा फरक गिळायचं काम रिसीव्हरमधल्या इलास्टिक बफरचं. आलेल्या डेटातून काढलेल्या क्लॉकवर तो भरतो आणि आपल्या लोकल क्लॉकवर रिकामा होतो.

पहिलं सांगतो, बफर कितीही खोल घेतला तरी फरक संपत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. फरक एकाच दिशेने साठत राहतो ना. म्हणून पाठवणाऱ्याने मधेमधे फेकून देण्यासारखे सिम्बॉल, म्हणजे स्किप, टाकायचे. बफर भरत आला की रिसीव्हर त्यातला एक संच गाळतो, रिकामा होत आला की एक वाढवतो, खऱ्या डेटाला हात लावत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्यांमधे हेच आहे: दोन्ही बाजू ±३०० पीपीएम, म्हणजे साधारण १,६६६ सिम्बॉलमागे एक घसरतो, म्हणून स्किप ११८० ते १५३८ सिम्बॉलच्या आत पाठवायचा नियम. पॅकेट मधे तोडता येत नाही म्हणून तेवढं थांबावं लागतं, आणि त्या वेळेपुरती जागा बफरमधे ठेवावी लागते.

आता आमची गंमत. हातात आलेल्या जुन्या डिझाइनमधे स्किप फक्त लिंक रिकामी असताना जायचे. छोट्या फ्रेम होत्या तोवर झकास चाललं, मग कॅमेऱ्याचा सलग डेटा सुरू केला आणि सीआरसी फुटायला लागला. सगळे फायबरच्या मागे लागले, कनेक्टर पुसले, आय डायग्राम बघितला, तो एकदम स्वच्छ! खरी खूण वेगळीच होती: डिकोडरला चुकीचा सिम्बॉल दिसला की उठणारे `RXDISPERR` आणि `RXNOTINTABLE` दोन्ही गप्प, तरी सीआरसी चूक. जीटीएक्समधे ८बी/१०बी डिकोडर बफरच्या आधी येतो, त्यामुळे बफर ओसंडला तर डिकोडरला पत्ताच नसतो, त्याच्यापर्यंत सगळं नीटच आलेलं असतं. वायरवर बिट बिघडत असते तर हे दोन सिग्नल ओरडलेच असते.

मग बफरची स्थिती सांगणारा `RXBUFSTATUS` लॉजिक ॲनालायझरवर घेतला. `110` म्हणजे ओव्हरफ्लो, `101` म्हणजे अंडरफ्लो. आमच्याकडे दर ५ मिलिसेकंदांच्या आसपास `110`. काउंटर लावून दोन्ही क्लॉक मोजले तर फरक १६ पीपीएम, म्हणजे सेकंदाला ४,००० सिम्बॉल, एकेक २५० मायक्रोसेकंदाला, आणि वरच्या बाजूला साधारण २० सिम्बॉलची जागा. २० गुणिले २५० मायक्रोसेकंद, आलं की ५ मिलिसेकंद. एका ऑसिलेटरवर हेअर ड्रायर धरला तर चुकांमधलं अंतर बदललं, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली. (एकाच बोर्डवर लूपबॅक लावून टेस्ट करणाऱ्यांनो, त्यात हे कधीच दिसणार नाही, क्लॉक एकच असतो!)

उपाय म्हणजे पाठवणाऱ्या बाजूला फ्रेम चालू असली तरी दर ५,००० सिम्बॉलला K28.0 या आमच्या स्किप सिम्बॉलची जोडी. जोडी अशासाठी की आमचा बस १६ बिटांचा, एकच सिम्बॉल गाळला तर पुढचे सगळे बाइट वरखाली होतात. १०० पीपीएमला २०,००० सिम्बॉलमागे एक जोडी पुरते, म्हणजे चौपट मोकळीक, आणि खर्च ०.०४ टक्के. रिसीव्हरकडे असं:

```
CLK_CORRECT_USE = "TRUE"
CLK_COR_SEQ_LEN = 2
CLK_COR_SEQ_1_1 = 10'b0100011100
CLK_COR_SEQ_1_2 = 10'b0100011100
```

पण एवढ्यावर भागत नाही, फ्रेम वाचणाऱ्या लॉजिकने आणि सीआरसीने, दोन्ही टोकांना, K28.0 मोजायचाच नाही, कारण पाठवलेले स्किप आणि पोचलेले स्किप सारखे नसणारच. आमचा अर्धा वेळ यातच गेला.

तेव्हापासून लिंक सलग चालू आहे, उन्हातला बॉक्स असो की एसीतला, `RXBUFSTATUS` शांत. ओव्हरफ्लो झालाच तर बफर आपोआप सावरेल असं धरून चालू नका, आतला डेटा तेव्हा बाद असतो, `RXBUFRESET` द्यावाच लागतो.

एक तक्रार मात्र राहणार. प्रत्येक दुरुस्तीला लेटन्सी ८ नॅनोसेकंदांनी हलते, दोन सिम्बॉल आहेत ना. कॅमेऱ्याला काय फरक पडतो म्हणा, पण याच लिंकवरून टाइमस्टॅम्प पाठवायचा विचार होता तो सोडून दिला, त्यासाठी दुसऱ्या बोर्डाने काढलेल्या क्लॉकवरच सगळं चालवून हा बफर बायपास करायचा, तो वेगळा उद्योग आहे आणि सध्या तोच चालू आहे.