सात महिने एकच फिंगर जॉइंट मॉडेल वापरून: डॉग-बोनने शेवटी कानस हातात दिलीच

सात महिने झाले, ड्रॉवर, खोके सगळं या एकाच पॅरामेट्रिक मॉडेलवरून सीएनसी राउटरवर कापतोय. जॉइंट मस्त बसतो, त्यावर तक्रार नाही. तक्रार आहे ती डॉग-बोनवर, म्हणजे चौकोनी फिंगर आत बसावं म्हणून खाचेच्या कोपऱ्यात काढलेल्या त्या गोल कानांवर, आणि तेवढ्यावरच लिहिणार आहे, कारण गेल्या आठवड्यात अख्खी शीट कापून झाली आणि एकाही खाचेत कान नाही! स्क्रीनवर सगळे दिसतायत, प्लायवर गोल कोपरे. ६ मिमीचा बिट आतल्या कोपऱ्यात साधारण सव्वा मिमी लाकूड सोडतो आणि समोरचं चौकोनी फिंगर तिथेच अडतं, हातोडीने ठोकलं की प्लायचा वरचा थर उचकटतो.

पहिल्या महिन्यात हेच झालं होतं. तेव्हा कानाची त्रिज्या बरोब्बर बिटच्या त्रिज्येइतकी, ३ मिमी ठेवली होती. वर्तुळ कोपऱ्यातून जातं आणि केंद्र ४५ अंशात आत असतं (कोपऱ्यावरच केंद्र ठेवू नका, उगाच मोठं भोक पडतं), म्हणजे कानाचं तोंड ६ मिमीचं आणि बिटही ६चाच. बिटला आत शिरायला शून्य जागा, मग बिटचा मार्ग आखणारं कॅम सॉफ्टवेअर टॉलरन्समध्ये तो कान सरळ गाळून टाकतं आणि एरर वगैरे काही देत नाही. म्हणून त्रिज्या ०.१ने वाढवली:

```
t = 17.6 mm
bit = 6 mm
r = bit/2 + 0.1 mm
off = r/sqrt(2)
```

off म्हणजे कोपऱ्यापासून दोन्ही दिशांना केंद्र किती आत, इथे २.१९. t म्हणजे प्लायची जाडी, मोजून घातलेली आहे, शीटवर १८ लिहिलं असलं तरी.

यानंतर सहा महिने सुखाचे गेले आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की झालं, सुटलं. मग बिट तुटला. पाव इंची एक पडून होता, नवा कशाला घ्यायचा म्हणून तोच लावला, कॅममध्ये ६.३५ टाकलं आणि मॉडेलमधला bit बदलायचा राहिला. कानाचं तोंड ६.२, बिट ६.३५. बत्तीस कोपरे कानशीने काढले, बसा घासत.

चिडून टी-बोनही करून पाहिला. दिसायला नीटस, पण आडवा कान फिंगरच्या बुडाशी दोन्हीकडून तीन-तीन मिमी खातो, २० मिमीच्या फिंगरला १४च उरतात. डॉग-बोनमध्ये १८ उरतात, त्यामुळे परत तिकडेच.

खरं तर चूक मॉडेलची नाही, माझी, हे आता मान्य. पण बिटचा व्यास दोन ठिकाणी हाताने टाकायला लागतो याचा राग अजून गेलेला नाही. हल्ली बिट बदलला की तुकड्यावर एका फेरीत सरळ चर मारतो, कॅलिपरने रुंदी मोजतो आणि तोच आकडा दोन्हीकडे टाकतो. मग सिम्युलेशनमध्ये एकाच कोपऱ्यावर झूम करून बघतो, टूलपाथला कोपऱ्याकडे जाणारा तो छोटा काटा दिसला तरच शीट चढवतो.